छातीत दुखत नाही, मग अँजिओ कशाला? हार्ट ट्रान्सप्लांटनंतरचं चौथं वर्ष

प्रश्न: माझ्या मोठ्या भावाचं (वय ४४) हार्ट ट्रान्सप्लांट होऊन चार वर्षं झाली. पहिल्या वर्षातल्या बायोप्सी एक सोडली तर सगळ्या ठीक होत्या. आता इको नॉर्मल, छातीत कधीच दुखत नाही, रोज तीन किलोमीटर चालतो. तरी डॉक्टर म्हणतात अँजिओ करायची, त्यात रक्तवाहिनीची आतून सोनोग्राफी करायची आणि एक गोळी बंद करून एव्हरोलिमस चालू करायची. डोनर २६ वर्षांचा मुलगा होता, त्याच्या हार्टमध्ये ब्लॉकेज कुठून येणार? भावाचं क्रिएटिनिन १.५ आहे म्हणून डायची भीती वाटते. ट्रेडमिल टेस्टवर भागणार नाही का?

उत्तर:

दुखण्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. डोनरचं हार्ट काढताना त्याच्या नर्व्ह कापल्या जातात, आणि बसवताना सर्जन मोठ्या रक्तवाहिन्या आणि हार्टचे कप्पे शिवतो पण नर्व्ह कोणी शिवत नाही, शिवता येतच नाहीत. म्हणजे तुमच्या भावाचं हार्ट आणि मेंदू यांच्यात टेलिफोनची वायरच नाहीये. तुम्हाआम्हाला हार्टला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते, डावा हात भरून येतो, घाम फुटतो, ती कळ याच वायरीतून वर जाते. काही वर्षांनी थोड्या नर्व्ह परत वाढतात आणि काही पेशंटना थोडंफार दुखतं सुद्धा, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. साधा अ‍ॅटॅक येऊन गेला तरी ट्रान्सप्लांटवाल्या पेशंटला तो कळलेलाच नाही असं होतं. तेव्हा 'दुखत नाही' ही गोष्ट भावाच्या बाबतीत चांगली पण नाही आणि वाईट पण नाही, ती माहितीच नाही.

ट्रेडमिलचं पण याच कारणाने फसतं. भावाची बसल्याजागची नाडी बघा, ९० ते ११० मध्ये असेल, कारण नाडी हळू ठेवणारी नर्व्हच कापली गेलीय. आणि चालायला लागल्यावर नाडी लगेच वाढत नाही, रक्तातलं अ‍ॅड्रेनॅलिन वाढेल तशी पाचसहा मिनिटांनी हळूहळू वर जाते, आणि थांबल्यावरही बराच वेळ वरच राहते. पहिल्या चढाला पाय जड होतात आणि मग बरं वाटतं असं भाऊ म्हणत असतील तर ते यामुळेच. ट्रेडमिलवर हार्टला जेवढं पळवायला लागतं तेवढं हे पळतच नाही, मग ईसीजी नॉर्मल आला त्याचा अर्थ काय लावणार. थॅलियम स्कॅन किंवा औषध देऊन करतात तो स्ट्रेस इको थोडा बरा, पण त्यातही एक अडचण आहे ती पुढे सांगते.

आता डोनर २६ वर्षांचा असण्याबद्दल. हा प्रश्न जगात पहिल्यांदा पडला तो ५० वर्षांहून आधी. १९६७ च्या डिसेंबरमध्ये केपटाउनला बर्नार्ड यांनी पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट केलं, तो पेशंट १८ दिवस जगला. त्यांचा दुसरा पेशंट फिलिप ब्लायबर्ग, व्यवसायाने डेंटिस्ट, त्याला जानेवारी १९६८ मध्ये २४ वर्षांच्या तरुणाचं हार्ट मिळालं आणि तो १९ महिने जगला, म्हणजे त्या काळाच्या मानाने फारच. तो गेल्यावर हार्ट उघडून बघितलं तर कोरोनरी रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या बुजलेल्या. पंचविशीतलं हार्ट, दीड वर्षात. (आपल्या मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच ट्रान्सप्लांट केलं होतं, पण तो पेशंट काही तासच जगला, त्यामुळे इथवर गोष्ट आलीच नाही.) तेव्हा डोनरचं वय कितीही कमी असलं तरी हा आजार होतो, कारण तो डोनरने आणलेला नाही, भावाच्या स्वतःच्या इम्युनिटीने तिथे तयार केलेला आहे.

कसा, ते बघा. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एक पातळ अस्तर असतं. भावाच्या शरीराचा डोनरच्या हार्टशी पहिला सामना त्या अस्तराशीच होतो, कारण भावाचं रक्त चोवीस तास त्यालाच घासून वाहतंय. गोळ्यांनी इम्युनिटी दाबलेली असते पण शून्य केलेली नसते, शून्य केली तर इन्फेक्शनने माणूस जाईल. त्यामुळे एक बारीकशी कुरबुर कायम चालू राहते. अस्तराला टोचणी लागते, त्याच्या खालच्या स्नायूच्या पेशी आत सरकतात, वाढतात, आणि आतला थर जाड होत जातो. त्यात भर म्हणजे ब्रेन डेथच्या वेळी डोनरच्या शरीरात जे वादळ होतं ते, हार्ट बर्फात किती तास होतं ते, पहिल्या वर्षात रिजेक्शन झालं का, सीएमव्ही नावाचा व्हायरस जागा झाला का, आणि मग नेहमीचे यशस्वी कलाकार, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, जे स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या इम्युनिटी दाबणाऱ्या मुख्य गोळीमुळे अजूनच वाढतात. ट्रान्सप्लांट पेशंटच्या जगभरच्या नोंदींत अँजिओवर दिसण्याइतका हा आजार पाच वर्षांनी साधारण तिघांतल्या एकाला आणि दहा वर्षांनी जवळजवळ निम्म्या पेशंटना असतो. म्हणजे तुमचे डॉक्टर काही जगावेगळी शंका घेत नाहीयेत.

नेहमीचं ब्लॉकेज आणि हे यात एक मोठा फरक आहे आणि तो समजला की बाकीचं सगळं समजतं. आपल्या वडिलांना जे ब्लॉकेज होतं ते एका जागी, एका बाजूने चरबीचा गोळा साठून होतं, अँजिओत ते चिमटा काढल्यासारखं दिसतं, त्यात स्टेंट टाकायचा, पुढचा पाइप चांगला असतो. ट्रान्सप्लांटच्या हार्टमध्ये मात्र थर चढतो तो बोअरच्या पाण्याने गिझरच्या नळीला आतून क्षार चढतो तसा, चारी बाजूंनी सारखा आणि सुरुवातीपासून टोकापर्यंत, बारीक फांद्यांत सुद्धा. आणि अँजिओत काय दिसतं, तर फक्त नळीतून वाहणारा डाय. नळीची भिंत दिसत नाही. अख्खी नळीच सारखी अरुंद झाली तर कुठल्या भागाशी तुलना करून म्हणणार की इथे अरुंद आहे? त्यामुळे रिपोर्टवर 'नॉर्मल कोरोनरीज' येतो आणि आत भिंत जाड झालेली असते. स्ट्रेस टेस्टची जी अडचण म्हटलं ती पण हीच, स्कॅनमध्ये आपण हार्टच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करतो आणि तिन्ही बाजूंना रक्त सारखंच कमी पडत असेल तर फोटो छान एकसारखा येतो.

बायोप्सी नॉर्मल होत्या हा तुमचा मुद्दा बरेच जण मांडतात, आणि रागाने मांडतात, की एवढ्या वेळा मानेतून नळी घातली मग तेव्हा का नाही दिसलं. बायोप्सीत मानेच्या शिरेतून चिमटा घालून उजव्या कप्प्याच्या पडद्यातून तिळाएवढे पाचेक तुकडे काढतात. ते स्नायूचे तुकडे असतात. त्यात पॅथॉलॉजिस्ट बघतो की पांढऱ्या पेशी शिरल्यात का आणि स्नायू मेलाय का, आणि त्यावरून ग्रेड देतो, शून्य आर म्हणजे काही नाही, वन आर म्हणजे थोडं, ज्याला बहुतेक वेळा काही करायचं नसतं, टू आर म्हणजे दोन किंवा जास्त ठिकाणी पेशी शिरून नुकसान केलंय, थ्री आर म्हणजे सगळीकडे. मोठी कोरोनरी हार्टच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जाते, ती त्या तिळात येणारच नाही. बायोप्सी हे पहिल्या वर्षाचं हत्यार आहे, आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, कारण अचानक होणारं रिजेक्शन त्या काळात सगळ्यात जास्त. चौथ्या वर्षी शत्रू बदललेला असतो.

एक पेशंट सांगते म्हणजे हे सगळं एकत्र दिसेल. नगर जिल्ह्यातले शिक्षक, त्यांना मास्तर म्हणू. ४१ व्या वर्षी ट्रान्सप्लांट, डोनर तिशीच्या आतला. सहाव्या आठवड्यात आम्ही अँजिओ आणि आतली सोनोग्राफी केली, आम्ही तिला आयव्हस म्हणतो. अँजिओच्याच नळीतून केसाएवढ्या तारेवरून एक बारीक प्रोब कोरोनरीत पुढे घालायचा आणि हळूहळू मागे ओढायचा, मग भिंतीचा गोल आडवा काप दिसतो आणि आतल्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. नेहमीच्या अँजिओपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त. मास्तरांचा थर तेव्हा जाडीत जाड जागी ०.२५ मिमी होता, म्हणजे चांगला. हे पहिलं माप महत्त्वाचं, कारण डोनरच्याच काळातलं काही असेल तर ते इथेच कळतं, नंतर दिसलं तर जुनं का नवं ते कळायला मार्ग नाही.

पाचव्या महिन्यात मास्तरांनी तालुक्याच्या लॅबमध्ये टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते बघायला, रक्त दिलं, आली १७. आम्हाला हवी होती ८ ते १२. मी फोनवरच डोस कमी केला, सकाळ-संध्याकाळ ३ मिलिग्रॅमचे २ केले. विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, की गोळी घेऊन रक्त दिलं का न घेता. त्यांनी आठला गोळी घेतली होती आणि दहाला रक्त दिलं होतं. ही लेव्हल गोळीच्या आधी, आदल्या डोसला बारा तास होताना मोजायची असते, गोळी घेतल्यावर दोन तासांनी ती वर असणारच. तीन आठवड्यांनी ठरलेली बायोप्सी आली टू आर, आणि त्या दिवशी नीट घेतलेली लेव्हल ४.८. त्यांना काहीही त्रास नव्हता, इको नॉर्मल होता. तीन दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून दिलं, टॅक्रोलिमस परत वाढवलं, पंधरा दिवसांनी बायोप्सी वन आर. ते रिजेक्शन गेलं. पण अशी प्रत्येक चकमक कोरोनरीच्या अस्तरावर आपली खूण ठेवून जाते, आणि ही चकमक माझ्यामुळे झालेली. त्यानंतर मी लेव्हलचा आकडा ऐकला की पहिला प्रश्न वेळेचा विचारते, रात्री अकराला फोन आला तरी.

वर्ष पूर्ण झाल्यावर परत अँजिओ. डाय घातला, तिन्ही रक्तवाहिन्या सुंदर, फेलो मुलगा म्हणाला मॅडम एकदम क्लीन. मग त्याच जागी आयव्हस घातला, थर ०.८५. म्हणजे एका वर्षात ०.६ मिमी वाढ. पहिल्या वर्षात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर पुढच्या काही वर्षांत अँजिओवर दिसणारा आजार, अ‍ॅटॅक, मृत्यू या सगळ्याचा धोका बराच वाढतो, हे बऱ्याच ठिकाणच्या पेशंटमध्ये बघितलं गेलंय. मास्तर तेव्हा शाळेत सायकलवर जात होते. त्यांना मी सांगतेय की तुम्हाला आजार सुरू झालाय, आणि ते माझ्याकडे असं बघतायत की ह्या बाईला काहीतरी विकायचंय.

तेव्हा आम्ही तेच केलं जे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंय. मायकोफेनोलेट बंद केलं, एव्हरोलिमस ०.७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं, त्याची लेव्हल ३ ते ८ मध्ये ठेवली आणि टॅक्रोलिमस खाली आणलं. यामागचं लॉजिक असं की टॅक्रोलिमस पांढऱ्या पेशींना जागं होऊ देत नाही, मायकोफेनोलेट त्यांची पिल्लावळ वाढू देत नाही, पण भिंतीतल्या स्नायूच्या पेशी वाढतायत त्यांना दोन्ही फारसं अडवत नाहीत. एव्हरोलिमस आणि त्याचा थोरला भाऊ सिरोलिमस त्या पेशींची वाढही रोखतात. सिरोलिमस मिळालं ते ईस्टर आयलंडच्या मातीतल्या जंतूपासून, आणि त्याच्यावर आयुष्यभर काम करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्र नाथ सेहगल हे आपलेच भारतीय. २००३ मध्ये एव्हरोलिमसची ६३४ नव्या ट्रान्सप्लांट पेशंटमधली मोठी ट्रायल आली, जुन्या अ‍ॅझाथायोप्रिनशी तुलना होती, आणि वर्षाच्या आयव्हसमध्ये एव्हरोलिमसवाल्यांचा थर स्पष्टपणे कमी वाढलेला होता.

पण इथे तुमच्या भावाबद्दल थोडं सावध बोलायला हवं. तो फायदा लवकर सुरू केलेल्यांचा आहे. चार वर्षांनी सुरू केलं तर चढलेला थर उतरेल असं समजू नका, पुढची वाढ मंदावते, आणि उशिरा बदललेल्या सगळ्यांत मंदावलेली दिसतेच असंही नाही. मी असते तर गोळी आधी आणि अँजिओ मग असं केलं नसतं, आधी आयव्हस बघितलं असतं आणि मग ठरवलं असतं. तुमच्या डॉक्टरांकडे दुसरं कारण असू शकतं, किडनी. टॅक्रोलिमस वर्षानुवर्षं किडनीला खातं, आणि एव्हरोलिमस जोडीला असलं की टॅक्रोलिमस कमी करता येतं. १.५ क्रिएटिनिन म्हणजे ४४ वर्षांच्या पुरुषात किडनीचं काम साधारण साठच्या थोडं खाली. ही बदलायला बरी वेळ आहे, किडनी अजून ढासळल्यावर बदलून फारसं हाती लागत नाही. मात्र एक अट, बदलायच्या आधी लघवीतलं प्रोटीन तपासलंच पाहिजे. ते आधीच भरपूर जात असेल तर एव्हरोलिमस ते अजून वाढवतं आणि किडनी सुधारायच्या ऐवजी बिघडते. डॉक्टरांना सरळ विचारा, लघवीचं प्रोटीन किती आहे.

मास्तरांना पहिल्या महिन्यात तोंडात छाले आले, मिसळ सुटली, पायावर थोडी सूज, आणि कोलेस्टेरॉल वाढलं, म्हणून स्टॅटिनचा डोस वाढवला. क्वचित या गोळीने फुफ्फुसाला सूज येते, कोरडा खोकला आणि दम लागतो, तर नवीन खोकला आला की कफ सिरप घेत बसू नका, कळवा. आणि जखम भरत नाही हा याचा सगळ्यात जाणवणारा दोष, म्हणून ऑपरेशननंतर लगेच ही देत नाहीत. भावाचं हर्निया, दाढ, काही ठरवून करायचं असेल तर ते आधी उरका, किंवा त्या सर्जनला आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

स्टॅटिनवरून आठवलं. तुम्ही लिहिलं नाही पण भाऊ घेत असतीलच, आणि नसतील तर हे अँजिओच्या आधी विचारायचं. ट्रान्सप्लांटमध्ये स्टॅटिन कोलेस्टेरॉल बघून देत नाहीत, पहिल्या एकदोन आठवड्यांतच सगळ्यांना चालू करतात. १९९५ मध्ये प्रावास्टॅटिनचा अभ्यास आला त्यात वर्षभरात मृत्यू कमी, गंभीर रिजेक्शन कमी आणि कोरोनरीचा थर कमी असं तिन्ही दिसलं. आणि आपल्याकडे होतं काय, गावाकडचे कोणीतरी रिपोर्ट बघतात, कोलेस्टेरॉल १५० आहे, मग ही गोळी कशाला, लिव्हर खराब होईल, बंद. एवढ्या गोळ्यांतली एक कमी झाली म्हणून पेशंटही खूश. महिने गेल्यावर आम्हाला कळतं.

मास्तरांची गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या वर्षी थर ०.९, तिसऱ्याला जवळपास तेवढाच, आम्ही निवांत झालो. मग कोविडमुळे, मग मुलीच्या लग्नामुळे अँजिओ दोनदा पुढे गेली. पाचव्या वर्षी त्यांना भूक लागेना, सकाळी मळमळ, वाकून बुटाची लेस बांधली की दम लागायचा. जवळच्या डॉक्टरांनी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं, त्यांचा दोष म्हणत नाही मी, हार्टचं दुखणं असं दिसतं हे कोणाच्या डोक्यात येणार. त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं, की हे हल्ली वरच्या मजल्यावर जायचं काहीतरी निमित्त करून टाळतात. आणलं. इकोत पंपिंग ५५ टक्के, म्हणजे कागदावर नॉर्मल! पण आतले प्रेशर वाढलेले, हार्ट कडक झालेलं, नीट भरत नव्हतं. अँजिओत समोरच्या मोठ्या रक्तवाहिनीत मधोमध ७५ टक्के, आणि टोकाच्या फांद्या पानगळीनंतरच्या झाडासारख्या, बारीक होत होत एकदम संपणाऱ्या. रक्तात डोनरच्या विरुद्धची अँटिबॉडी सापडली, पहिल्या वर्षी नव्हती ती. तेव्हा इको नॉर्मल आहे यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा, पंपिंग पडतं ते सगळ्यात शेवटी.

त्या ७५ टक्क्याला स्टेंट टाकला. ते करतात कारण करण्यासारखं तेवढंच असतं, पण खरं सांगायचं तर ती डागडुजी आहे, एक जागा उघडली तरी बाकीची नळी तशीच, आणि या हार्टमध्ये स्टेंट परत बुजण्याचं प्रमाण नेहमीच्या पेशंटपेक्षा जास्त. बायपास बहुतेक वेळा होतच नाही, कारण नवी नळी जोडायची ती पुढे चांगल्या रक्तवाहिनीला, आणि पुढे चांगली रक्तवाहिनीच उरलेली नसते. शेवटचा उपाय दुसरं ट्रान्सप्लांट, आणि पहिल्यालाच हार्ट मिळत नाही तिथे दुसऱ्याची गोष्ट किती जणांना लागू होणार. म्हणून हा आजार थर असताना, अँजिओवर दिसायच्या आधी धरायचा आटापिटा. मास्तरांना आता आठ वर्षं झाली, दोन स्टेंट आहेत, सायकल सुटली, शाळा चालू आहे.

डायची भीती रास्त आहे पण प्रमाणात धरा. नुसत्या कोरोनरी अँजिओला हात आखडता ठेवला तर ३० ते ५० मिली डायमध्ये होतं, आणि आयव्हसला तर डाय जवळजवळ लागतच नाही, तो आवाजाच्या लहरींवर चालतो. काही जण सुचवतात की नळी नको, सीटी अँजिओ करून घ्या, हाताला सुईच टोचायची फक्त. पण सीटीला यापेक्षा जास्त डाय लागतो, आणि भावाची नाडी शंभराच्या आसपास असणार, तेवढ्या वेगात फोटो हलतात. किडनीसाठी कॅथलॅबला आधीच सांगून ठेवा की क्रिएटिनिन १.५ आहे, ते आधी आणि नंतर सलाइन देतील, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते कधी थांबवायचं ते विचारा, आणि दोन दिवसांनी क्रिएटिनिन परत करा. आदल्या आठवड्यात डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नकोत. खरं तर टॅक्रोलिमसवर असताना कधीच नकोत, डायने किडनी गेली म्हणून आलेल्या कितीतरी जणांच्या खिशात गुडघ्याच्या गोळीची स्ट्रिप सापडते.

आणि लेव्हल बिघडवणाऱ्या दोनतीन गोष्टी, कारण गोळी बदलताना त्या जास्त भोवतात, एव्हरोलिमस पण लिव्हरमध्ये त्याच वाटेने मोडतं. फंगसच्या गोळ्या, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, आणि घशासाठी देतात ते क्लॅरिथ्रोमायसिन यांनी लेव्हल दुप्पट-तिप्पट होते. टीबीचं रिफाम्पिसिन उलट करतं, लेव्हल अशी पाडतं की डोस कित्येक पट करूनही ती धड वर येत नाही, त्यामुळे टीबी निघाला तर ट्रान्सप्लांट टीमला न विचारता किट सुरू करू नका. जुलाब लागले तर लोकांना वाटतं औषध वाहून गेलं, लेव्हल कमी झाली असेल, आणि एखादी गोळी जास्त घेतात. टॅक्रोलिमसची लेव्हल जुलाबात वाढते, कारण आतड्याचं अस्तर एरवी बरंचसं औषध अडवतं आणि मोडतं, ते अस्तर सुजलं की सगळं आत शिरतं. जुलाब दोन दिवसांच्या वर गेले तर लेव्हल करा, आपल्या मनाने काही करू नका. पपनस नको, ग्रेपफ्रूटच्या जातीचंच ते. मोसंबीबद्दल दर ओपीडीत विचारतात, साधी मोसंबी मी कोणाची बंद करत नाही.

अँजिओला जाताना भावाची पहिल्या वर्षीची अँजिओची सीडी बरोबर घ्या, नुसता छापील रिपोर्ट नाही, सीडी. आणि पहिल्या वर्षी आयव्हस झालं असेल तर त्याचीही. नवा फोटो जुन्याच्या शेजारी लावून बघितला तरच सगळीकडे सारखी बारीक झालेली नळी नजरेला पकडता येते. सीडी सापडत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला आजच फोन करा, चार वर्षं जुनी असेल तर त्यांना काढायला वेळ लागतो. त्या दिवशी सकाळी लेव्हलचं रक्त आधी द्यायचं, मग टॅक्रोलिमसची गोळी एक घोट पाण्याबरोबर घ्यायची, उपाशी राहायला सांगितलंय म्हणून ती चुकवायची नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर अर्थातच त्यांचं ऐका.